फोन अबोला धरतो तेव्हा

फोनच्या वरच्या पट्टीत कंपनीच्या नावाऐवजी ‘Emergency calls only’ असं दिसायला लागलं, की बहुतेकांना वाटतं, रेंज गेली. खरं तर रेंज गेलेली नसते. रेंज अजिबात नसेल तर फोन ‘No service’ म्हणतो, म्हणजे त्याला कुठलाच टॉवर ऐकू येत नाही. ‘Emergency calls only’ म्हणजे टॉवर ऐकू येतोय, फोनचा रेडिओ ठणठणीत आहे, पण त्या टॉवरच्या मालकाने तुम्हाला आपल्या दप्तरात नोंदवून घेतलेलं नाही. नोंद नाही म्हणून साधा फोन नाही, मेसेज नाही, इंटरनेट नाही. जीव धोक्यात असेल तर ११२ लावता यावा, एवढ्यासाठी फोन मिळेल त्या टॉवरच्या आश्रयाला उभा असतो, मग तो टॉवर कोणत्याही कंपनीचा असो.

हा फरक कळला की पुढचा प्रश्न बदलतो. ‘रेंज कधी येणार’ हा प्रश्न उरत नाही. नोंद का झाली नाही, हे शोधायचं असतं. कधी नेटवर्कने नकार दिलेला असतो, तर कधी फोनने विचारायचंच सोडून दिलेलं असतं. नेटवर्क हाताने निवडण्याचा जो पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो मुख्यतः या दुसऱ्या परिस्थितीवरचा इलाज आहे. पहिल्या परिस्थितीत त्याने काही दुरुस्त होत नाही. मात्र नकार कशाचा आहे, याचा सुगावा तो देतो.

फोन विचारायचं का सोडतो, ते आधी पाहू. प्रत्येक नेटवर्कला एक संख्या असते. तिचे पहिले तीन आकडे देशाचे आणि पुढचे कंपनीचे. भारताचे आकडे 404 आणि 405 पासून सुरू होतात. बीएसएनएलचं महाराष्ट्र-गोव्यातलं नेटवर्क 404 66, तर नेपाळमधलं एनसेल 429 02. तुमच्या सिमवरही स्वतःच्या कंपनीची अशी संख्या लिहिलेली असते. फोन सुरू झाला की तो आधी घरचं नेटवर्क शोधतो. ते नसेल तर ऐकू येणाऱ्या बाकीच्यांकडे एकेक करून नोंदणी मागतो. एखाद्या नेटवर्कने ‘आमच्याकडे तुम्हाला परवानगी नाही’ असं ठणकावून सांगितलं, तर फोन त्याची संख्या एका यादीत टाकतो. ही नकार दिलेल्यांची यादी फोनमध्ये नव्हे, सिमवर लिहिली जाते. साधारणपणे तिच्यात चार नावांची जागा असते. पाचवं आलं की सगळ्यात जुनं गळतं.

एकदा अपमान झाला की त्या घराची पायरी चढायची नाही, असा बाणा असलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. सिम तसंच वागतं. यादीत गेलेल्या नेटवर्ककडे फोन आपणहून फिरकत नाही, मग टॉवर समोरच्या गच्चीवर का असेना. फोन बंद करून सुरू केला तरी यादी पुसली जात नाही, कारण ती सिमवर आहे. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर नकारही त्याच्याबरोबर तिकडे जातो. हा नियम बनवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जिथे प्रवेश नाही तिथे लाखो फोन दर मिनिटाला दार ठोठावत बसले, तर नेटवर्कही हैराण होईल आणि फोनची बॅटरीही. काही नवे फोन थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा विचारून पाहतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. समजा, सांगलीहून एक मामा पशुपतिनाथाच्या दर्शनाला काठमांडूला गेले. त्यांचं सिम भारतातलं, प्रीपेड, आणि परदेशातलं रोमिंग सुरू करून घ्यायचं राहून गेलं. विमानतळावर उतरून फोन सुरू केला. घरचं नेटवर्क तिथे असणं शक्यच नव्हतं. फोनने आधी एनसेलला विचारलं, मग नेपाळ टेलिकॉमला. दोघांनी मामांच्या कंपनीकडे चौकशी केली, रोमिंग नाही असं उत्तर मिळालं, आणि दोघांनी नकार दिला. दोन्ही नावं सिमवरच्या यादीत गेली आणि पट्टीवर ‘Emergency calls only’ उमटलं.

रात्री हॉटेलच्या वायफायवरून सांगलीच्या भाचीने कंपनीच्या ॲपमधून रोमिंगचा पॅक घेऊन दिला. पैसे गेले, पॅक सुरू झाल्याची पावती आली. सकाळ झाली तरी फोन जिथल्या तिथे.

‘मामा, बंद करून चालू केलात का?’

‘तीनदा केला गं. पॅकच खोटा दिसतोय.’

पॅक खरा होता. आता विचारलं असतं तर दोन्ही कंपन्यांनी हो म्हटलं असतं, पण त्यांना विचारतंय कोण? फोनच्या लेखी दोघांचाही नकार कायम होता. इथे हाताने निवड करावी लागते. नियम असा आहे की, माणसाने स्वतः यादीतलं नाव निवडलं तर फोनने जुना नकार बाजूला ठेवून पुन्हा विचारायचं. यावेळी होकार मिळाला, तर ते नाव नकाराच्या यादीतून काढूनही टाकायचं. मामांनी यादी उघडून ‘Ncell’वर बोट ठेवलं, अर्धा मिनिट चक्र फिरलं आणि नेटवर्क आलं. बाकी काही बदलावं लागलं नाही.

(दोन गोष्टी जाता जाता. पॅक कोणत्या नेटवर्कवर चालेल ते पॅकसोबत लिहिलेलं असतं. हाताने निवडताना भलतंच नाव दाबलं तर पॅक असूनही साध्या रोमिंगच्या दराने पैसे कापले जाऊ शकतात. आणि फोन लागतोय पण इंटरनेट नाही, अशी तक्रार असेल तर तो प्रश्न वेगळा. त्यासाठी ‘Data roaming’ हे बटण निराळं असतं.)

प्रत्यक्षात यादी उघडायची कशी? बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये `Settings`, मग `Network & internet`, मग `SIMs` आणि त्यात आपलं सिम, अशी वाट आहे. तिथे खाली `Automatically select network` हे बटण सापडतं. सॅमसंगमध्ये ते `Connections`, `Mobile networks`, `Network operators` या वाटेवर आहे. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानात `Network Selection` असतं. आपोआप निवडीचं बटण बंद केलं की फोन आजूबाजूचा शोध सुरू करतो. या शोधाला एक मिनिट लागेल, कधी दोन-तीनही. फोनला ठाऊक असलेल्या सगळ्या वारंवारता चाळायच्या असतात, त्यामुळे तेवढा वेळ इंटरनेट बंद राहतं आणि चालू असलेला कॉलही तुटू शकतो. घाईने मागे आलात तर शोध पहिल्यापासून. दोन सिमच्या फोनमध्ये योग्य सिमच्याच पानावर आहोत ना, हे आधी बघावं. भलत्या सिमवर हे सगळे उपद्व्याप करून बसणारे कमी नाहीत.

समोर येणाऱ्या यादीत कधी नावं असतात, कधी नुसते आकडे. फोनला एखाद्या संख्येचं नाव माहीत नसेल तर तो संख्याच छापतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एकच नाव दोनदाही दिसू शकतं, कारण तांत्रिक हिशेबात मुंबई हे एक मंडळ आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे दुसरं. म्हणून एअरटेलची मुंबईची संख्या 404 92, तर महाराष्ट्र-गोव्याची 404 90. दोन्ही मंडळांच्या हद्दीजवळ दोन्ही टॉवर ऐकू येऊ शकतात.

मामांची गोष्ट अजून संपलेली नाही. आठवड्याने ते मुंबईला उतरले. ज्या कंपनीचं सिम तिचाच टॉवर डोक्यावर, पॅकही चालू, आणि पट्टीवर पुन्हा तीच ओळ. घरच्या नेटवर्कने नकार दिला होता का? मुळीच नाही. फोनला हाताने ‘Ncell’ सांगितलेलं होतं आणि तो प्रामाणिकपणे मुंबईत एनसेल शोधत होता. हाताने केलेल्या निवडीत फोनला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नसते. सांगितलेलं नेटवर्क सापडलं नाही तर तो दुसऱ्याकडे आपणहून जात नाही. ११२ पुरता कुणाच्या तरी टॉवरखाली उभा राहतो, बस. उपाय एका बटणाचा आहे. तेच `Automatically select network` पुन्हा सुरू करायचं.

माझ्या मते हाताने निवडण्याच्या सोयीने सोडवलेल्या अडचणींच्या मानाने तिने तयार केलेल्या अडचणी कमी नसाव्यात. आपल्याच गावात, आपल्याच कंपनीच्या टॉवरखाली फोन अडकला, तर सगळ्यात आधी हे बटण बघावं. ते बंद असेल तर सुरू करावं, मग अर्धा मिनिट विमान मोड लावून काढावा. घरी असताना हाताने स्वतःचीच कंपनी निवडण्यात यापेक्षा जास्त काही साधत नाही, कारण दोन्हीत फोन नोंदणी नव्याने मागतो, एवढंच. इथे फोन बंद करून सुरू करण्याचाही उपयोग होतो. नेटवर्क कधी कधी फक्त एका विभागापुरता नकार देतं, आणि त्या नकाराची नोंद सिमवर नसते, फोन बंद केला की ती पुसली जाते.

एवढं करूनही ती ओळ हटली नाही, तर निवडीची यादी तपासणीसाठी उघडावी. आपल्या कंपनीचं नाव तिच्यात आहे का, हे आधी पाहायचं. इतरांची नावं आहेत आणि आपलंच नाही, तर एक शक्यता उघड आहे, की तिथे आपल्या कंपनीचा टॉवरच नाही. पण शेजारच्या माणसाचं त्याच कंपनीचं सिम चालत असेल, तर ‘Preferred network type’ किंवा ‘Network mode’ बघावं. जिओचं नेटवर्क ४जी आणि ५जी एवढंच आहे, २जी किंवा ३जी नाही. कुणी बॅटरी वाचवायला म्हणून फोन २जी-३जीवर ठेवला असेल, तर त्याला जिओचा टॉवर दिसणारच नाही. बाकीच्यांचा २जी टॉवर मात्र ऐकू येईल, आणि पट्टीवर ‘Emergency calls only’.

आपलं नाव यादीत आहे, ते दाबलं आणि तरीही नाही म्हणालं, तर उत्तराचे शब्द नीट वाचावेत. अँड्रॉइड दोन प्रकारे नाही म्हणतो:

```
Can't connect to this network right now. Try again later.
Your SIM card doesn't allow a connection to this network.
```

पहिल्या वाक्यात आशा आहे. टॉवर गर्दीत असेल, सिग्नल कच्चा असेल, थोड्या वेळाने परत बघावं. दुसरं वाक्य म्हणजे नेटवर्कने तुमचं सिम ओळखलं आणि विचारपूर्वक नकार दिला. दुसऱ्याच कंपनीचं नाव दाबलं असेल तर हे उत्तर येणं साहजिक आहे, दोन कंपन्यांमध्ये करार नाही. पण स्वतःच्याच कंपनीकडून हे उत्तर आलं तर यादीशी झटापट थांबवावी.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण काश्मीरचं. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो माणसं श्रीनगर-पहलगामला जातात. फोनला आपल्याच कंपनीचा टॉवर ऐकू येतो, यादीत नाव दिसतं, आणि दाबलं की नकार. सुरक्षेच्या कारणासाठी बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालू दिली जात नाहीत, पोस्टपेड चालतात. हा निर्णय नेटवर्कच्या बाजूचा आहे, सिमवरच्या यादीचा नाही. शंभर वेळा बोट ठेवलं तरी उत्तर तेच येणार. जाण्याआधी पोस्टपेड करून घ्या किंवा तिथे पोहोचल्यावर स्थानिक सिम घ्या.

नकार सिमचा की फोनचा, हेही काही अँड्रॉइड फोन एका छोट्या आकड्याने सांगतात. `MM#2` दिसलं, तर कंपनीच्या नोंदीत तुमचं सिमच नाही. नवं सिम अजून चालू झालेलं नाही, किंवा जुनं कधीच बंद झालं. नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट झाल्यावर जुनं सिमही असंच निकामी होतं, तेव्हा नवं सिम फोनमध्ये घालायचं राहिलंय का ते बघावं. `MM#3` म्हणजे हे सिम ग्राह्य धरलं जात नाही. `MM#6` आलं, तर सिमचा दोष नाही, फोनचाच आहे. जुना फोन स्वस्तात विकत घेतलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि चोरीला गेलेल्या फोनचा क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’वरून बंद करता येतो. असा फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर नोंदला जाऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. `*#06#` दाबून क्रमांक बघावा आणि `KYM` लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक 14422 वर मेसेज करावा, अर्थात दुसऱ्या चालू फोनवरून. जुना फोन विकत घेताना दुकानातच हे केलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.

एका प्रसंगात मात्र सेटिंगमध्ये एक मिनिटही घालवू नये. भर शहरात, सकाळपासून व्यवस्थित चालणारा फोन अचानक ‘Emergency calls only’वर गेला, घरातल्या दुसऱ्या माणसाचं त्याच कंपनीचं सिम चालतंय, फोन बंद करून सुरू केला तरी फरक नाही. अशा वेळी कुणीतरी तुमच्या नावाने त्याच नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. नवं सिम चालू झालं की जुनं मरतं, आणि बँकेचे ओटीपी भलत्याच्या हातात जाण्याची वाट मोकळी होते. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर मेसेज बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडे याचसाठी आहे. हे चोवीस तास तुमचे आहेत. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवावं, आणि पैसे गेल्याचं दिसलं तर १९३० ला.

आता शेवटचा प्रकार, ज्यात दुसऱ्या कंपनीचं नाव दाबून खरंच नेटवर्क मिळतं, तेही आपल्याच देशात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातकडे येत होतं. १५ जूनच्या संध्याकाळी ते जखाऊ बंदराजवळ किनाऱ्याला धडकलं. वीज गेली की टॉवर बंद पडतात, पण सगळ्या कंपन्यांचे एकदम पडत नाहीत. म्हणून दूरसंचार विभागाने कच्छ, देवभूमी द्वारका, जामनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांत १७ जूनच्या रात्री ११.५९ पर्यंत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर नोंदणी करायला मोकळीक दिली. याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. लोकांना सांगितलं गेलं ते हेच, सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडा.

हाताने का, फोन आपोआप का जाणार नाही? त्याचं एक कारण वर आलंच आहे. आपला टॉवर पडल्यापडल्या फोनने शेजारच्या कंपन्यांना विचारून पाहिलेलं असतं, सवलत सुरू होण्याआधी त्यांनी नकार दिलेला असतो आणि त्यांची नावं सिमवरच्या यादीत गेलेली असतात. दारं नंतर उघडली, हे फोनला कळायला कुणीतरी नावावर बोट ठेवायलाच हवं.

वादळाशिवायही काही ठिकाणी हे आता कायमचं झालं आहे. ‘डिजिटल भारत निधी’च्या पैशातून दुर्गम गावांत उभारलेल्या सुमारे २७ हजार टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या ग्राहकांना एकमेकांचा ४जी वापरता यावा, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. अशा गावात आपल्या कंपनीचा टॉवर नसताना फोन ११२ पुरता उरला असेल, तर यादी उघडून दुसरं नाव दाबून पाहण्यात अर्थ आहे. टॉवर त्या योजनेतला नसेल तर वर दिलेलं दुसरं वाक्य येईल, नुकसान काही नाही. गुजरातेतली मुदत मात्र तासांत मोजलेली होती. १७ तारखेच्या मध्यरात्री ती संपली की उसना टॉवर बंद होणार. ज्यांनी हाताने केलेली निवड तशीच ठेवली असेल, त्यांचा फोन स्वतःचा टॉवर दुरुस्त होऊनही तिकडे वळणार नाही. त्यांना ते बटण पुन्हा आपोआपवर टाकावंच लागेल.